परीक्षेच्या बरणीतला सोडा

आमच्या प्रयोगशाळेत खाण्याच्या सोड्याच्या दोन बरण्या होत्या. एक रोजची आणि एक परीक्षेची. घरात पाहुण्यांच्या कपबशा वेगळ्या ठेवतात, तसंच. रोजच्या बरणीत ढेकळं असायची, कारण आमच्याकडे पावसाळ्यात हवा पाणी पिळून काढता येईल अशी दमट असते आणि बरणीचं झाकण चार वर्षांपूर्वीच तडकलं होतं. परीक्षेची बरणी कपाटात, कुलपात. तिच्यावर माझ्या अक्षरात लिहिलेलं लेबल, 'सोडिअम बायकार्बोनेट', आणि त्यावर पारदर्शक टेप. अक्षराचा मला अभिमान होता, तो आता बराच कमी झाला आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बी.एस्सी.च्या मुलांना सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवते. माझं बालपण भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत गेलं, म्हणजे शिस्त, भोंगा आणि वेळच्या वेळी जेवण. त्यामुळे मी जरा तापट आहे असं लोक म्हणतात. मी तापट नाही. लोक हळू आहेत. माझा हा स्वभाव आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं त्यात त्याचा मोठा हात आहे.

माझी आवडती गोष्ट म्हणजे पीकेएचा तक्ता. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मी तो ऑइलपेंटने मोठा लिहून घेतला होता. त्यात प्रत्येक ॲसिडपुढे एक आकडा. आकडा लहान, तर ते ॲसिड प्रोटॉन सोडायला उतावीळ. आकडा मोठा, तर ते चिक्कू. बेंझोइक ॲसिड चार पूर्णांक दोन. कार्बोनिक ॲसिड सहा पूर्णांक चार. बीटा-नॅफ्थॉल साडेनऊ. बायकार्बोनेट, तेच जेव्हा स्वतः ॲसिड म्हणून वागतं तेव्हा, दहा पूर्णांक तीन.

मुलांना मी सांगायचे की यात अक्कल लागत नाही, फक्त वजाबाकी लागते. समीकरण मांडा. बाणाच्या डावीकडे एक ॲसिड असतं आणि उजवीकडे एक. दोघांचे आकडे शोधा. समतोल मोठ्या आकड्याच्या बाजूला झुकतो, म्हणजे प्रोटॉन शेवटी चिक्कू माणसाच्याच घरी जाऊन बसतो. किती झुकतो? आकड्यांतला फरक काढा. तीनचा फरक असेल तर हजारपट, एकचा असेल तर दहापट. एवढं कळलं की कोणतं ॲसिड कोणत्या अल्कलीत विरघळेल हे नळी हातात घेण्याआधी सांगता येतं.

मुलं बाकी सगळं करतात आणि एका जागी हटकून अडकतात. उजवीकडचं ॲसिड कोण, ते त्यांना सापडत नाही. सोड्याचं पाणी असेल तर ते सोड्याचाच आकडा शोधत बसतात. अरे, सोडा प्रोटॉन घेतल्यावर काय होतो? कार्बोनिक ॲसिड. मग त्याचा आकडा घ्या, सहा पूर्णांक चार. आणि धुण्याचा सोडा, म्हणजे कार्बोनेट, प्रोटॉन घेतल्यावर काय होतो? बायकार्बोनेट. मग दहा पूर्णांक तीन. हे मी वर्षातून इतक्या वेळा ओरडून सांगते की शेजारच्या वर्गातल्या इतिहासाच्या मुलांनाही ते पाठ आहे.

परीक्षेत मुलांना एक मिश्रण मिळतं. एक ग्रॅम पांढरी भुकटी, आत दोन पदार्थ. ते वेगळे करायचे आणि ओळखायचे. एक चिठ्ठी उचलायची, तिच्यावरच्या नंबरची पुडी घ्यायची. बेंझोइक ॲसिड आणि नॅफ्थॉल असं मिश्रण आलं तर रस्ता सरळ आहे. खाण्याच्या सोड्याचं पाणी घाला. बेंझोइक ॲसिडचे चार पूर्णांक दोन, समोर सहा पूर्णांक चार, दोन पूर्णांक दोनचा फरक, म्हणजे दीडशेपटीहून जास्त ओढा उजवीकडे. ते फसफसून विरघळतं. नॅफ्थॉलचे साडेनऊ, समोर तेच सहा पूर्णांक चार. इथे मोठा आकडा डावीकडे, म्हणून नॅफ्थॉल जागचं हलत नाही. गाळलं की कागदावर नॅफ्थॉल, खाली बेंझोइक ॲसिड. झालं वेगळं.

आता एका मुलीबद्दल. ती वैनगंगेच्या काठच्या एका गावातून यायची, बस आणि पुढे दोन किलोमीटर पायी. वडील गावच्या तलावात मासे धरायचे आणि धानाच्या दिवसांत दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जायचे. आदल्या वर्षी ती या प्रॅक्टिकलमध्ये नापास झाली होती. बाकीचे सगळे विषय पास. एवढ्या एका प्रॅक्टिकलपायी तिची डिग्री अडकली होती. बल्लारपूरच्या बाजूला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत तिची निवड झाली होती; पास झाल्याचा कागद आणला तर जागा तिची, नाही आणला तर दुसऱ्याची. पहिल्या खेपेला ती जागा हातची गेली. यंदा त्यांनी पुन्हा बोलावलं होतं आणि तीच अट घातली होती. तिसऱ्यांदा कोणी बोलावत नाही, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आदल्या वर्षीच्या तिच्या उत्तरपत्रिकेवर लाल पेनाने मीच लिहिलं होतं, 'दुसरा घटक सापडलेला नाही. निरीक्षण चुकीचे.' तिला आलं होतं बेंझोइक ॲसिड आणि नॅफ्थॉलचंच मिश्रण. तिने लिहिलं होतं की सगळं विरघळलं, काहीच उरलं नाही, बुडबुडे आले नाहीत. आता बेंझोइक ॲसिडवर सोडा घातला आणि बुडबुडे आले नाहीत म्हणजे काय? आमच्या मुलांच्या वह्यांत बुडबुडे प्रयोगात येवोत न येवोत, लिहिलेले असतातच. ही एकटी बुडबुडे आले नाहीत असं लिहिते. मला वाटलं, हिने पुडीतला माल सांडवला आणि भलतंच काही नळीत घेतलं.

यंदा परीक्षेच्या दिवशी सकाळी आमचे प्रयोगशाळा परिचर, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, बाह्य परीक्षकांसाठी पोहे आणि त्यावर ओतायची झणझणीत तर्री घेऊन आले. परीक्षक नागपूरकडचे, निवृत्तीला आलेले, चष्मा कपाळावर ढकलून बोलणारे. पोहे खाऊन झाल्यावर त्यांना झोप येऊ लागली आणि मला राग, कारण मुलं दहा वाजल्यापासून चिठ्ठ्यांसाठी उभी होती.

चिठ्ठ्या वाटल्या. पुड्या मी बांधल्या होत्या, त्यामुळे कोणाला काय आलं ते मला माहीत होतं. तिच्या हातातली चिठ्ठी पाहिली. पुन्हा बेंझोइक ॲसिड आणि नॅफ्थॉल. अख्ख्या बॅचमध्ये ती एकच पुडी तशी होती. बाकीच्यांना ॲसिड आणि नॅफ्थलीन, किंवा ॲनिलीनच्या जातीचं काही आणि नॅफ्थलीन, असली सोपी मिश्रणं. मला वाटलं, बरं झालं; वर्षभर हिने याचाच सराव केला असेल.

अकरा वाजता परीक्षेच्या बरणीतला सोडा विरघळवून भाऊंनी बाटल्या भरल्या. पाणी कसं स्वच्छ, तळाशी एक कण नाही. रोजच्या बरणीतला सोडा घातला की तळाला गाळ बसायचा. परीक्षकांनीही बाटली उचलून उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "मॅडम, तुमची प्रयोगशाळा नीटनेटकी आहे." मी मान थोडी वर केली.

पाऊण तास झाला. मी बाकांमधून फिरत होते. ती मुलगी हातात बीकर घेऊन बसली होती आणि काहीच करत नव्हती. बीकरमध्ये स्वच्छ पाणी. गाळणकागद कोरडा, पांढराफटक. एका नळीत नारिंगी-लाल रंग दिसत होता. मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. बोलायचं नाही असा नियम आहे, पण माझ्या उभं राहण्यानंही मुलं घाबरतात असं म्हणतात.

"काय झालं?" मी म्हटलं. नियम मीच मोडला.

"सगळंच विरघळलं, मॅडम."

माझ्या डोक्यात एकदम तिडीक गेली. पुन्हा तेच. वर्षभरात एक प्रयोग धड करता आला नाही हिला. मी हळू आवाजात, म्हणजे मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हटलं, "गेल्या वर्षी हेच केलंस. आताही तेच. नीट बघून कर, वेळ आहे अजून."

ती म्हणाली, "मॅडम, मी नीट पाह्यली. फिनॉलफ्थॅलिनची बाटली भेटन का?"

फिनॉलफ्थॅलिन या प्रयोगात लागत नाही. ते टायट्रेशनला लागतं. मला वाटलं हिचं डोकं आता पूर्ण फिरलं. इतक्यात परीक्षक आले. आमचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं आणि त्यांची झोप उडाली होती. त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला.

"बेटा, फिनॉलफ्थॅलिन कशाला पाहिजे?"

ती उठून उभी राहिली. "सर, या बाटलीत बायकार्बोनेट नाई."

परीक्षकांनी बाटलीकडे पाहिलं, मग लेबलकडे, मग माझ्याकडे. लेबल माझ्याच अक्षरात. मी हसले, म्हणजे ओठ ताणले. "प्रयोग बिघडला की बाटलीचा दोष," मी म्हटलं. "पळवाटा फार सुचतात यांना."

"बोलू द्या तिला," परीक्षक म्हणाले.

तिने नारिंगी-लाल नळी उचलली. "मिश्रणाची डायझो टेस्ट केली सर, रंग आला. म्हणजे नॅफ्थॉल हाये मिश्रणात. मंग सोडा टाकला, सगळं विरघळलं. पाण्यात ॲसिड टाकून परत खाली आणलं, त्याची टेस्ट केली, तिथं बी रंग आला. म्हणजे नॅफ्थॉल सोड्यात गेलं." तिने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केलं. परीक्षेत तो झाकायचा नियम नव्हता, कारण आकड्यांचा तक्ता मुलांना वापरू देतात. "नॅफ्थॉलचे साडेनऊ. सोड्याचे म्हणजे कार्बोनिक ॲसिडचे सहा पूर्णांक चार. तीनचा फरक सर, आणि तो पण उलट्या दिशेनं. हजारात एक भाग जाईन. पण इथी तं पूरं गेलं."

"मग?"

"मंग बाटलीत जे हाये त्याच्या ॲसिडचा आकडा साडेनऊच्या वर पाहिजे. सोड्यांमधी त्याच्या वरचा आकडा बायकार्बोनेटचाच. दहा पूर्णांक तीन. म्हणजे बाटलीत कार्बोनेट हाये. आठ दशांशचा फरक, सहापट. सहापट म्हणजे थोडंच, पण सोडा जास्त टाकला का नॅफ्थॉल जाते." तिने श्वास घेतला. "आणि बुडबुडे बी नाई आले. कार्बोनेट पह्यले बायकार्बोनेट होते, गॅस त्याच्यानंतर सुटते. माझ्या एक ग्रॅमात अर्धंच ॲसिड. तेवढ्यानं तिथपर्यंत पोहोचलंच नाई."

तिचं सगळं बरोबर होतं. मी ते भिंतीवर रंगवलं होतं आणि वर्षभर ओरडून शिकवलं होतं, पण तक्ता उलट्या बाजूने वाचून बाटलीत काय आहे ते ओळखायचं, हे मला सुचलं नव्हतं. आम्ही नेहमी आकड्यांवरून नळीत काय होईल ते सांगतो. तिने नळीत काय झालं त्यावरून बाटली ओळखली.

परीक्षकांनी स्वतः टायट्रेशनच्या कपाटातून फिनॉलफ्थॅलिन आणलं. दोन नळ्या. एकीत परीक्षेच्या बाटलीतलं पाणी, दुसरीत रोजच्या बरणीतलं ढेकूळ कुटून विरघळवलेलं पाणी. दोघांत एकेक थेंब. ढेकळाच्या नळीत नीट डोळे लावून पाहिलं तर जेमतेम गुलाबी छटा दिसली. परीक्षेच्या नळीत मात्र धुण्याच्या सोड्याचा गर्द गुलाबी रंग फुटला. मुलांमधून कोणीतरी "आई गं" म्हणालं आणि लगेच खोकल्याचं नाटक केलं.

"भाऊ," मी हाक मारली. भाऊ दारातच उभे होते. "या बरणीत सोडा कुठला भरला?"

"तोच, मॅडम. तुमीच तं म्हटलं होतं."

"मी काय म्हटलं होतं?"

"मागल्या सालच्या परीक्षेच्या आधी. ढेकळं झाली म्हणून. तुमी म्हटलं, ओव्हनमधी टाका. मी म्हटलं, किती वेळ. तुमी म्हटलं, दिवसभर राहू द्या. एकशे वीसवर ठेवला." भाऊंनी मान खाली घातली. "सकाळी बरणी गळ्यापर्यंत भरली होती मॅडम, संध्याकाळी लै कमी झाली. मले भेव वाटला. म्हटलं, आता मॅडम म्हणसान, याने भज्यासाठी घरी नेला सोडा. म्हणून मी कोणाले नाई सांगतलं."

परीक्षकांना हसू आवरेना. त्यांनी तोंडावर रुमाल धरला. मीही हसले असते, जर ती दुसऱ्या कोणाची प्रयोगशाळा असती. बायकार्बोनेट तापवलं की त्यातून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि मागे कार्बोनेट उरतं, हे मी स्वतः पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवते. दोन किलो सोडा घेतला तर सव्वा किलो राहतो, याचं गणितही सोडवून घेते. त्या दिवशी मी बैठकव्यवस्थेच्या याद्या करत होते, भाऊंकडे न बघता बोलले आणि दुसऱ्या दिवशी ती मोकळी, पांढरी, सळसळती भुकटी पाहून म्हणाले, "बघा, असा असतो सोडा." भाऊ बिचारे एक वर्षभर भज्यांच्या आरोपाची वाट पाहत राहिले.

आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, त्याचंही कारण तक्त्यातच होतं. नॅफ्थलीनला सोडा खाण्याचा आहे की धुण्याचा, काहीच फरक पडत नाही. त्याच्याजवळ सोडायला प्रोटॉनच नाही म्हणा ना. बेंझोइक ॲसिड दोन्हींत विरघळतं. अडचण फक्त त्या आकड्यांच्या मधल्या पट्टीत, सहा पूर्णांक चार आणि दहा पूर्णांक तीनच्या मध्ये बसणाऱ्या माणसाची. दोन वर्षांत तिथे बसलेली एकच मुलगी.

परीक्षकांनी तिला ढेकळांच्या बरणीतला सोडा दिला, माझ्याकडून तशीच नवी पुडी बांधून घेऊन दिली आणि वेळ वाढवून दिला. तिने ढेकळं कुटली, पाणी केलं, पुडी रिकामी केली. फसफस झाली, इतकी की फेस बीकरच्या काठापर्यंत आला. गाळणकागदावर नॅफ्थॉल उरलं. वितळबिंदू दोन्ही बरोबर आले, एक एकशे एकवीसला आणि दुसरा एकशे बावीसला, आणि तिने ते रंगावरून आणि बुडबुड्यांवरून वेगळे ओळखले, कारण नुसत्या वितळबिंदूवरून त्या दोघांत फरक करणं अवघड असतं. परीक्षक तिच्या उत्तरपत्रिकेवर गुण लिहीत असताना मी मुद्दाम बघितलं नाही, पण लिहिताना त्यांचं पेन कुठे अडखळलं नाही एवढं दिसलं.

दुपारी सगळे गेले. परीक्षक भाऊंसोबत स्टँडवर गेले, जाताना म्हणाले, "मॅडम, मागच्या वर्षीच्या चुकीची नोंद तुम्हालाच करावी लागेल." मी हो म्हटलं. अर्ज लिहायचा, प्राचार्यांची सही घ्यायची, विद्यापीठाला पाठवायचा. प्राचार्य म्हणणार, कशाला उकरता. मी उकरणार होते, पण अर्जाने गेलेलं वर्ष परत येत नाही हेही मला ठाऊक होतं.

ती मुलगी बेसिनपाशी नळ्या धूत होती. परीक्षा संपल्यावर नळ्या धुऊन ठेवायच्या, हा माझाच नियम. सगळे पळून गेले होते, ही थांबली होती.

मी म्हटलं, "गेल्या वर्षी तू लिहिलं होतंस, बुडबुडे आले नाहीत."

"हो मॅडम."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलली होती." तिने नळी उलटी करून पाणी झटकलं. "तुमी म्हटलं, हात धू आणि जा."

मला आठवलं. अगदी ते शब्द. मला तेव्हा घाई होती, बसची वेळ होती, आणि मला राग आला होता. माझ्या रागाला नेहमी कुठली तरी वेळ गाठायची असते.

"मग हे वर्ष काय केलंस?"

"गावात झेरॉक्सच्या दुकानात होती. मंग दुपारी तक्ता पाठ करत होती. पूरा पाठ हाये मॅडम आता. मले वाटत होतं, आपण कुठीतरी चुकलो. कुठी चुकलो तेच शोधून राह्यली होती सालभर. प्रत्येक आकडा घेऊन पाह्यला. बेंझोइक चार पूर्णांक दोन, सॅलिसिलिक तीन, फिनॉल दहा. कोणाचाच हिशेब माझ्या उत्तराशी जमत नव्हता. मंग परवा मनात आलं का, आपण बाटलीचा आकडा धरलाच नाई. तो धरून पाह्यला तं जमला."

"परवा? मग आज सकाळी सांगायचं की मला, परीक्षेच्या आधी."

"मॅडम, मले तरी खात्री नव्हती. तुमची बाटली चुकन, असं कसं म्हणायचं." ती ओशाळली. "मले वाटलं, यंदा तरी बाटली बरोबर असन आणि मीच चुकली असन. म्हणून नळी घेऊन पह्यले पाह्यलं."

एक अख्खं वर्ष तिने स्वतःत चूक शोधण्यात घालवलं होतं, कारण माझ्यात ती असेल हे तिच्या मनातही येत नव्हतं. इतका विश्वास माझ्यावर कोणी ठेवला असेल, असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याची मला भयंकर लाज वाटली. कोणी माझी बाटली पाहून हसलं असतं, चिडलं असतं, प्राचार्यांकडे गेलं असतं, तर मला सहज सोसलं असतं.

मी म्हटलं, "माझं चुकलं." मला हे म्हणायची सवय नाही, त्यामुळे आवाज चिडल्यासारखाच आला. म्हणून पुन्हा म्हटलं, नीट. "तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं. तू गेल्या वर्षीच बरोबर होतीस."

तिने नळ धरून ठेवला होता, तो बंद केला. माझ्याकडे वळली. मला वाटलं ती रागावेल आणि मला तेच हवं होतं. पण तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एक वर्ष उराशी धरलेलं काहीतरी सुटल्यावर माणूस जसा एकदम थकतो, तसं दिसत होतं. ती बाकाला टेकून बसली आणि ओल्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मोठ्याने, लहान मुलासारखी, खांदे हलवत.

"म्हणजे मी चुकली नव्हती," ती हुंदक्यांतून म्हणाली. "मॅडम, मी तवा बी चुकली नव्हती."